मदत हवी आहे: तिन्ही पेशी कमी, बोनमॅरो लगेच करायची का?

सत्तरीचा_डॉक्टर: वय ६४, बाई. हिमोग्लोबिन ७.१, पांढऱ्या पेशी १,४०० (न्यूट्रोफिल ३० टक्के), प्लेटलेट ३८,०००, एमसीव्ही १०४. तोंड आलंय, दोन दिवस ताप. प्लीहा, गाठी हाताला लागत नाहीत. गोमेकॉत मॅरोसाठी पाठवू?

माशेल_७: एमसीव्ही वाढलाय म्हणजे बी१२ कमी. इंजेक्शन सुरू करा, मॅरो कशाला?

पेडण्याची_सून: माझ्या सासूबाईंच्या प्लेटलेट डेंग्यूत ४० हजार झाल्या होत्या. पपईच्या पानांचा रस दिला, वाढल्या. आता पावसाचेच दिवस आहेत ना?

रक्तपेढीवाली: ताई, डेंग्यूत हिमोग्लोबिन सहसा ७ पर्यंत उतरत नाही, रक्तस्राव असेल तर गोष्ट वेगळी. इथे तिन्ही पेशी घसरल्यात.
डॉक्टर, घरातली औषधांची पिशवी आणायला सांगा. सांधेदुखीची गोळी आहे का?

सत्तरीचा_डॉक्टर: मुलगा पिशवी घेऊन आला. मेथोट्रेक्सेट ७.५. आठवड्यातून एकदा घ्यायची होती, चिठ्ठी हरवली म्हणून ११ दिवस रोज घेतली. क्रिएटिनिन १.९.

रक्तपेढीवाली: मग पहिला संशय हाच. गोळी आजच बंद. मूत्रपिंड मंद असलं की औषध अंगात साचतं, आणि तोंड येणं ही त्याचीच खूण. न्यूट्रोफिल ४२० भरतात आणि ताप आहे, तेव्हा वाट पाहू नका. ब्लड कल्चर घेऊन तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करा आणि गोमेकॉत पाठवा, पण मॅरोसाठी नव्हे, दाखल करायला.
सोबत फोलिनिक आम्ल, १५ मिलिग्रॅम दर सहा तासांनी, पेशी सावरेपर्यंत. साधी फोलिक आम्लाची गोळी इथे पुरत नाही. ती कामाला यायला जे एन्झाइम लागतं तेच मेथोट्रेक्सेटनं अडवलेलं असतं. फोलिनिक त्या अडथळ्याच्या पुढून आत शिरतं. रक्तातली मेथोट्रेक्सेटची पातळी कमी आली तरी थांबू नका, पेशींच्या आत औषध राहतं.

माशेल_७: तरी बी१२ तपासायलाच हवं. पण मासे खाणाऱ्यांना कमी पडत नाही ना?

रक्तपेढीवाली: पडतं. जठराच्या दोषामुळे शोषण होत नसेल किंवा वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर रोजचं बांगड्याचं हुमणही उपयोगाचं नाही. बी१२ आणि फोलेटचा नमुना रक्त चढवण्याआधी, इंजेक्शनआधी घ्या. स्मिअरही डोळ्यांनी पाहा.

म्हापसा_पॅथ: माझं मत वेगळं. वय ६४, एमसीव्ही १०४, म्हणजे मॅरोचा मूळ आजार आधीपासून असू शकतो. मी मॅरो आताच करीन.

रक्तपेढीवाली: स्मिअरवर ब्लास्ट किंवा अश्रूच्या आकाराच्या लाल पेशी दिसल्या तर मीही आजच करीन. नाहीतर आत्ताची मॅरो औषधानं रिकामी दिसेल आणि अप्लास्टिक म्हणून गफलत होईल. गोळी थांबवल्यावर साधारण दोन आठवड्यांत पेशी वर यायला हव्यात. नाही आल्या तर मॅरो, आणि नुसतं पाणी ओढून नव्हे, हाडाचा तुकडाही घ्या. सुई कोरडी आली तर फायब्रोसिस की कर्करोगाचा शिरकाव, ते तुकड्यावरच कळतं.

म्हापसा_पॅथ: दोन आठवडे मला जास्त वाटतात.

सत्तरीचा_डॉक्टर: स्मिअरवर ब्लास्ट नाहीत. कल्चर घेतलं, पहिला डोस दिला, १०८ निघाली.