'कॅन ला', 'कॅन लॉ', 'कॅन मे' : 'कॅन' तेच, मग घोळ कुठे होतो?

नवा भाडेकरू
सिंगापुरात येऊन चार महिने झाले. मागच्या आठवड्यात टीममधल्या एकाला विचारलं, शुक्रवारची मीटिंग संध्याकाळी सहाला ठेवली तर चालेल का? तो म्हणाला, "कॅन लॉ." मी 'कॅन' ऐकलं आणि निर्धास्त झालो. शुक्रवारी गडी आला खरा, पण सगळा वेळ घड्याळाकडे डोळे. नंतर कळलं, त्याला मुलीला पाळणाघरातून आणायचं असतं. मी म्हटलं, आधी सांगायचं ना! तर शेजारी बसणारी म्हणते, "सांगितलं की त्याने." म्हणजे सगळं त्या 'लॉ'मध्ये होतं?
शिवाय मी साहेबांना "यू आर कमिंग ला?" असं विचारलं, तेव्हा सगळे हसले. इथल्या बोलीभाषेतल्या इंग्रजीतलं, म्हणजे सिंग्लिशमधलं, हे ला, लॉ, मे प्रकरण कोणी नीट उलगडून सांगेल का?

ठाणेकर भाषावेडा
सोपं आहे. हे सगळे मलय भाषेतले प्रत्यय. मलयमध्ये आज्ञार्थाला 'लाह' लावतात, 'मिनुमलाह' म्हणजे 'प्या की'. अर्थ काही नसतो, नुसता जोर. वाक्याच्या शेवटी कुठलाही लावा, चालतो.

मीममास्तर
'मे' म्हणजे तेच ना, इंटरनेटवर लिहितात ते? कसा होता सिनेमा? मेह. म्हणजे ठीकठाक, काही खास नाही.

कोपी-ओ
अठरा वर्षं इथे काढली, म्हणून बोलते. मास्तर, तुमचा 'मेह' अमेरिकन, त्याचा याच्याशी संबंध नाही. सिंगापुरात "गुड मे?" म्हटलं तर अर्थ 'ठीकठाक' होत नाही. "हे चांगलं आहे होय? मला तर नाही वाटत" असा होतो.

ठाणेकर, मलयमध्ये 'लाह' आहे हे बरोबर. पण सिंग्लिशचा 'ला' तिथूनच आला की होक्कियनसारख्या चिनी बोलींतून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. 'लॉ' आणि 'मे' मात्र मलय नाहीत, चिनी बाजूचे आहेत. 'मे' तर कँटोनीजमधला जसाच्या तसा, त्याची वरची पट्टीसुद्धा बरोबर आली. आणि "कुठलाही लावा" हे काही खरं नाही. नव्या भाडेकरूंची फजिती त्यातूनच झाली.

आमच्या घरचा प्रसंग सांगते. एसी बंद पडला, दुरुस्तीवाल्या अंकलना फोन केला : "टुडे कॅन?" ते "कॅन ला" म्हणाले असते तर अर्थ असा, "होईल हो, काळजी कशाला करताय." 'ला' समोरच्याला जवळ ओढतो, समजूत घालतो. पण ते म्हणाले "कॅन लॉ." म्हणजे, "येतो मग, तुम्ही म्हणताच आहात तर. आजची जेवणाची सुट्टी गेली माझी." काम होणार, पण त्यांच्या मनाविरुद्ध. फोन ठेवला तर शेजारच्या आंटी विचारतात, "टुडे कॅन मे?" म्हणजे, "आज जमणार होय त्यांना? या दिवसांत?" आंटींना उत्तर नको होतं. त्यांचा विश्वास बसत नव्हता, एवढंच.

उच्चाराचं एक. लिहिताना 'लोर' असं आर लावून लिहितात, बोलताना तो आर नसतो, 'लॉ' ऐकू येतो, मधल्या पट्टीत, सपाट. शेवटी सपाट 'लॉ' आला की मी पुढचं वाक्य विचारते : "काही अडचण आहे का?"

तांबडा रस्सा
आमच्या कोल्हापुरात हे सगळं आहे की! 'ला' म्हणजे आमचा 'की'. "ये की", "बस की", "खा की". इंग्रजीतून 'कम ला', 'सिट ला'.

कोपी-ओ
आज्ञेपुरतं अगदी बरोबर, रस्सादादा. पण तुमचं पहिलंच वाक्य बघा : "हे सगळं आहे की!" हा 'की' समोरच्याला खोडून काढतो. "तुम्हाला वाटलं नाही, पण आहे" असा. सिंग्लिशमध्ये त्या जागी 'ला' नाही, 'वॉट' येतो : "गॉट वॉट!" आपण एका 'की'वर भागवतो, त्यांच्याकडे दोन शब्द आहेत.

तांबडा रस्सा
आणि 'मे' म्हणजे 'होय', हे पक्कं?

कोपी-ओ
तिथेही थोडी गडबड आहे. आपला 'होय' दोन कामं करतो. "असं असतं होय?" यात शंका आहे. पण "अच्छा, असं होय!" म्हणताना आपण ऐकलेलं मान्य केलेलं असतं. 'मे' मान्य कधीच करत नाही. "लाइक दॅट मे?" म्हणणारा अजून अडून बसलेला असतो.

आता साहेबांचं. 'ला' प्रश्नाला लागत नाही, तो सांगण्याला किंवा विनवण्याला लागतो. "यू आर कमिंग ला" म्हणजे "अहो, तुम्ही येताय हो!" साहेब येणार आहेत, हे तुम्ही साहेबांनाच समजावलंत. हसणारच. साधं विचारायचं तर "यू कमिंग आ?" आणि ते येणार नाहीत असं धरून चालला होतात, आणि ते दारात उभे दिसले, तर "यू कमिंग मे?" पण हे साहेबांना म्हणू नका. 'मे' विधानाचा प्रश्न करतो, म्हणून 'हू', 'व्हेअर' असा प्रश्नार्थक शब्द वाक्यात आधीच असेल तर तिथे तो बसत नाही.

पुंगोलची आई
माझा प्रश्न वेगळा आहे. लेक दुसरीत. घरी मराठीतही "आई, भूक नाही ला" म्हणते. सरकारने २००० साली चांगल्या इंग्रजीची मोहीम काढली होती ना? मग शाळेत हे कसं चालतं? मी रोज टोकते.

ठाणेकर भाषावेडा
टोकायलाच हवं. भाषा बिघडते.

कोपी-ओ
ताई, वर्गात ती बाईंशी 'ला' लावून बोलते का, एकदा ऐका. माझी मुलं बाईंशी एक इंग्रजी बोलायची आणि कँटीनच्या रांगेत दुसरं. घरी "भूक नाही गं" म्हणायच्या जागी ती "भूक नाही ला" म्हणते, तिचं काम तेच आहे. मराठी 'गं' जातोय याचं वाईट वाटत असेल तर ते मलाही वाटतं. पण ती वेगळी तक्रार झाली.

पुंगोलची आई
'गं' चं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तरी मी टोकणारच.

तांबडा रस्सा
एक शंका राहिली. 'लॉ' दरवेळी नाराजीचाच का? माझा भाऊ तिथेच असतो. रस्ता विचारला तर म्हणतो "टेक बस लॉ." त्यात कसली नाराजी?

कोपी-ओ
चांगलं पकडलंत. तिथे नाराजी नाही, "बसनं जायचं, आणखी काय" असं आहे. उत्तर उघड आहे, दुसरा मार्ग नाही. माझ्या मते नाराजीही त्यातूनच येते : दुसरा मार्ग नाही, म्हणून करतो. काही जण हे दोन वेगळे 'लॉ' मानतात. मला एकच वाटतो, पण हट्ट नाही.

नवा भाडेकरू
सगळ्यांचे आभार. आज त्याच सहकाऱ्याला लिहिलं, यापुढे मीटिंग चारला ठेवू या का? उत्तर आलं : "कॅन कॅन." शेवटी काहीच नाही. आता हे काय?

कोपी-ओ
मनापासून होकार. चारचीच ठेवा.