कॅमेऱ्यांसाठी व्हीपीएन खरंच लागतं का?

सांगलीकर८१: ‘व्हीपीएन लावा, व्हीपीएन लावा’ ऐकून वैताग आलाय. गावच्या घरी चार कॅमेरे आणि त्यांचं चित्रण साठवणारा एक एनव्हीआर. राउटरमध्ये ८००० पोर्ट फॉरवर्ड केलं, सोळा अक्षरी पासवर्ड ठेवला, पुण्यात बसून सगळं दिसतं. उगाच लोकांना का घाबरवता?

तारजोड: पासवर्ड सोळा अक्षरी असो नाहीतर साठ, २०२१ साली हिकव्हिजन या कॅमेरा कंपनीच्या यंत्रांत जे भोक सापडलं (CVE-2021-36260) त्यात पासवर्ड विचारलाच जात नव्हता. वेब पोर्टावर नेमकी विनंती पाठवली की यंत्रावर हवी ती कमांड चालायची. त्याच वर्षी दाहुआमध्ये लॉगिनच टाळता येणारं भोक निघालं. पोर्टाचा नंबर बदलून उपयोग नाही, कारण स्कॅनर सगळेच पोर्ट चाचपतात. फर्मवेअर अपडेट किती घरांत होतो, तुम्हीच सांगा.

घरात रास्पबेरी पाय असेल तर टेलस्केल नावाचं व्हीपीएन टाका आणि फक्त एनव्हीआरचा पत्ता पुढे द्या:

```
echo 'net.ipv4.ip_forward = 1' | sudo tee /etc/sysctl.d/99-tailscale.conf
sudo sysctl -p /etc/sysctl.d/99-tailscale.conf
sudo tailscale up --advertise-routes=192.168.1.20/32
```

मग अ‍ॅडमिन पानावर तो रूट मंजूर करा आणि त्या पायची की एक्स्पायरी बंद करा. ती मुळात १८० दिवसांची असते. विसरलात तर सहा महिन्यांनी दूरून दिसणं बंद होईल आणि गावी जावं लागेल. `/32` मुद्दाम दिलंय. पूर्ण `/24` दिलं आणि पुण्याच्या वायफायचे पत्तेही `192.168.1` चेच निघाले, तर दोन्ही जाळ्यांची गल्लत होते. शेवटी राउटरमधलं फॉरवर्डिंग काढा, यूपीएनपी राउटर आणि एनव्हीआर दोन्हीकडे बंद करा. यूपीएनपी चालू राहिलं तर यंत्र स्वतःच पोर्ट परत उघडतं.

नाशिकचा वायरमन: एवढी उठाठेव कशाला? क्यूआर स्कॅन करा, कंपनीचं पी२पी चालू करा. एकही पोर्ट उघडत नाही. मी सगळीकडे तेच लावतो.

तारजोड: पोर्ट उघडत नाही, हे बरोबर. पण एनव्हीआर कंपनीच्या सर्व्हरशी आतून कायम जोडलेला राहतो, आणि त्या खात्याचा मालक कोण? बऱ्याच घरांत कॅमेरे बसवणाऱ्याच्याच मोबाईलवर खातं असतं. घरमालकाला ते ठाऊकही नसतं.

नाशिकचा वायरमन: आम्हाला चोर ठरवू नका, साहेब. गिऱ्हाईक पासवर्ड विसरतं तेव्हा रात्री दहाला फोन आम्हालाच येतो.

मावशी_ठाणे: माझं वेगळंच आहे. ५५४ पोर्ट उघडलं तरी घराबाहेर पडलं की काही दिसत नाही. पासवर्ड चुकला असेल का?

तारजोड: नाही ताई. राउटरच्या पानावर WAN चा पत्ता बघा. तो १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनी बाहेरचा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. तिथे फॉरवर्डिंग चालतच नाही. वरचा उपाय मात्र चालेल, कारण पाय स्वतः बाहेर जोडणी करतो. तपासताना मोबाईलचं वायफाय बंद ठेवा. `tailscale status` मध्ये `relay` दिसलं, म्हणजे जोडणी मधल्या सर्व्हरवरून जात असेल, तर चित्र अडखळेल, तेव्हा कमी दर्जाचा सबस्ट्रीम लावा.

बिनतारी: अर्धंच सांगितलंत. एनव्हीआरचा गेटवे रिकामा ठेवा, म्हणजे तो बाहेर जाऊच शकणार नाही. टेलस्केल सबनेट रूटवर स्नॅट करतं, त्यामुळे एनव्हीआरला विनंती घरातल्या पायकडूनच आल्यासारखी दिसते आणि उत्तर बरोबर परत येतं. हाताने केलेल्या वायरगार्ड व्हीपीएनमध्ये हेच काम करणारं मास्करेड विसरलात तर मात्र पडदा काळाच राहील.

नाशिकचा वायरमन: आणि घड्याळ? गेटवे काढला की एनटीपी बंद. काही महिन्यांत वेळ मागेपुढे होते, आणि चोरीच्या फुटेजवर चुकीची वेळ म्हणजे पोलिसांपुढे वाद. हे कोणी बोलत नाही!

बिनतारी: पायवरच वेळ पुरवणारं क्रोनी चालवा, `chrony.conf` मध्ये `allow 192.168.1.0/24` टाका आणि एनव्हीआरला एनटीपी सर्व्हर म्हणून पायचा पत्ता द्या.

नाशिकचा वायरमन: पायला स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ कुठे असतं? वीज गेली, परत आली आणि नेट आलंच नाही, तर पायचीच वेळ चुकते. तीच मग एनव्हीआरमध्ये उतरेल.

बिनतारी: हे मान्य करावं लागेल. पायला घड्याळाचं आरटीसी मॉड्यूल लावा, आणि राउटर व पाय दोन्ही छोट्या यूपीएसवर ठेवा. `local stratum` ची ओळ घालू नका, म्हणजे खरी वेळ मिळेपर्यंत क्रोनी एनव्हीआरला चुकीची वेळ खरी म्हणून देणार नाही.

सांगलीकर८१: ठीक, पोर्ट काढतो. पण हालचाल झाली की मोबाईलवर येणाऱ्या सूचना? गेटवे काढल्यावर त्याही गेल्या ना?

बिनतारी: गेल्या. त्या कंपनीच्या सर्व्हरवरूनच येतात.

तारजोड: म्हणून मी गेटवे काढा म्हटलं नव्हतं. रिकाम्या घराला सूचना हव्यातच.

बिनतारी: मग तेच पी२पी परत आलं.