पुठ्ठ्याचं भोक पुढं-मागं सरकवून फील्ड कर्व्हेचर बदलतं का न्हाई?

शहापूरचा_खटपट्या
चष्म्याच्या दुकानातनं +8 नंबरची काच आणून, म्हणजे फोकल 125 मिमी, पुठ्ठ्याचा कॅमेरा केलोय, मागं ट्रेसिंग पेपर. भिंतीवर चिकटपट्टीनं चौकटी आखून 3 मीटरवरनं बघालोय. 8 मिमीचं भोक काचेच्या पुढं 25 मिमीवर धरलं की चौकटीच्या कडा पिंपासारख्या फुगतात, मागं धरलं की आत दबतात, काचेला चिकटवलं की सरळ, पण कोपरे पार पुसट. आमचे सर म्हणतात भोकाच्या जागेनं फील्ड कर्व्हेचर बदलत न्हाई. मला तर बदलताना दिसालंय. कोण बरोबर?

निपाणीचा_स्टुडिओवाला
एवढं डोकं कशाला खातोस, भोक 4 मिमीचं कर, सगळं सरळ आणि शार्प होतंय. वीस वर्षं हेच करालोय.

चिकोडीच्या_बाई
कोपरे सुधारतील, ते खरं. पण फुगलेली रेघ तेवढीच फुगलेली राहणार. डिस्टॉर्शन म्हणजे काही पुसटपणा नव्हे, ठिपका स्पष्टच असतो, फक्त चुकीच्या जागी पडतो. जागा ठरवतो भोकाच्या मधोमधनं जाणारा किरण, आणि भोक बारीक केल्यानं तो काही हलत नाही.
वरच्या कोपऱ्यातनं येणारा किरण घ्या. भोक पुढं असेल तर तो भोकातनं खाली उतरून काचेच्या खालच्या काठावर आदळतो. काठ पाहिजे त्यापेक्षा जास्त वाकवतो, म्हणून किरण मध्याकडं ओढला जातो, कोपरे आत येतात, बॅरल. भोक मागं असेल तर तोच किरण काचेच्या वरच्या काठातनं शिरतो, जास्त वाकून भोकातनं खाली जातो आणि पडद्यावर मध्यापासनं लांब पडतो. पिनकुशन. काचेला चिकटवलं की तो काचेच्या मधोमधनंच जातो, म्हणून सरळ.

खानापूरचा_मामा
आता कळालं! आमच्या आत्तीला जुन्या काळी मोतीबिंदू काढल्यावर जाडजूड भिंगाचा चष्मा दिलेला, ती म्हणायची दाराची चौकट मधे चिमटल्यासारखी दिसतीया. आम्ही हसायचो वो. डोळा काचेच्या मागंच की, म्हणजे पिनकुशनच!

शहापूरचा_खटपट्या
मामा भारी. पण कोपऱ्यांचं सांगा की बाई.

चिकोडीच्या_बाई
तुमचे सर ज्याला फील्ड कर्व्हेचर म्हणतात ते पेट्झवालचं. पातळ काचेला त्याची त्रिज्या अपवर्तनांक गुणिले फोकल, म्हणजे 1.5 × 125, साधारण 188 मिमी. त्यात भोकाची जागा येतच नाही, काचेचा बाकही येत नाही. मध्यापासनं 40 मिमीवर एवढ्यानं फोकस चारेक मिमी काचेकडं सरकतो. पण तुम्ही जे बघालाय त्यात अ‍ॅस्टिग्मॅटिझम मिसळलंय, आणि ते भोकानं बदलतं. कोपऱ्यात अधिकचं चिन्ह चिकटवा, एक रेघ मध्याकडं जाणारी, दुसरी तिला आडवी. दोन्ही एकाच जागी शार्प होतात का बघा. आणि एक विचारते, खोलगट बाजू कुठं आहे?

शहापूरचा_खटपट्या
खोलगट बाजू भोकाकडंच हाय, भोक मागं नेताना काच पण उलटी केलो. आता चिन्ह लावून बघितलो. भोक काचेला चिकटलेलं असताना मध्याकडची रेघ पेपर सेंटीमीटरभर पुढं आणला की शार्प, आडवी मात्र दोनेक सेंटीमीटर आणावं लागलं! भोक 25 मिमी पुढं नेलं तर आडवी जवळजवळ मूळ जागीच शार्प, दुसरी तीनेक मिमी पुढं. म्हणून कोपरे सुधारले.

चिकोडीच्या_बाई
अगदी हेच. वोलॅस्टननं 1812 च्या सुमाराला हीच युक्ती काढली. पेट्झवाल तसाच राहिला, अ‍ॅस्टिग्मॅटिझम उलटीकडं ढकलून फील्ड सपाट केलं. एकट्या काचेत स्फेरिकल आणि कोमा असतात म्हणून हे जमतं. ते दोन्ही दुरुस्त केलेल्या लेन्समध्ये भोक सरकवून अ‍ॅस्टिग्मॅटिझम हलत नाही.

निपाणीचा_स्टुडिओवाला
म्हणजे फोटोत कोपरा सपाट दिसला तर कर्व्हेचर बदललंच की! गिऱ्हाईक पेट्झवाल विचारत न्हाई. सरांचं पुस्तकातलं बरोबर, ह्याचं डोळ्यातलं बरोबर.

चिकोडीच्या_बाई
मी त्याला कर्व्हेचर बदललं म्हणणार नाही, झाकलं म्हणीन. वर्गात हे नीट वेगळं केलं नाही की पोरं गोंधळतात.

निपाणीचा_स्टुडिओवाला
बाई, नुसता शब्दांचा खेळ झाला.

शहापूरचा_खटपट्या
पण फील्ड सपाट होतंय त्याच जागी बॅरल येतंय. दोन्ही एकदम न्हाई मिळत?

चिकोडीच्या_बाई
एका काचेत अवघड. +4 च्या दोन घ्या, भोक मधे, खोलगट बाजू भोकाकडं. पुढची पिनकुशन देते, मागची बॅरल, एकमेकांना खातात. 1866 मध्ये डॉलमेयर आणि स्टाइनहाइलनी असंच जोडलं, फक्त एकेरी काचांऐवजी चिकटवलेल्या जोड्या होत्या. नेमकं शून्य मात्र वस्तू आणि प्रतिमा सारख्या मापाची असतानाच, 3 मीटरवर थोडं उरेल. पेट्झवाल काही कमी होणार नाही हं.

शहापूरचा_खटपट्या
दुकानदाराकडं +4 ची एकच शिल्लक हाय म्हणे, दुसरी मागवली. तवर कॅमेरा आईनं माळ्यावर ठेवलाय.