उत्तर: नख काळं पडलंय, सुई टोचू का?

> «भरतीसाठी रोज पळतोय. काल बालाघाटाच्या उतारावरून लांब पळालो, आज अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय, ठणकतंय. सुई तापवून रक्त काढू का?»

घरी सुई लावू नका भाऊ. उतारावर पाय बुटात पुढं सरकतो, अंगठा टोकाला आपटत राहतो आणि नखाखाली रक्त साकळतं. त्याला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ठणका. रात्री झोप लागत नसेल तर आज-उद्याच डॉक्टरकडं जा. ते नखाला बारीक भोक पाडतात, रक्त निघालं की ठणका लगेच उतरतो. उशीर झाला तर रक्त गोठतं, मग भोक पाडून उपयोग नाही. दुखणं सोसण्यासारखं असेल तर पाय उशीवर ठेवा, फडक्यातून बर्फ लावा. नख सैल झालं तरी ओढू नका. शुगर असणाऱ्यांनी मात्र थांबूच नये. पू आला किंवा लाली पसरली तरीही तसंच.

आता डागाच्या मागच्या कडेचा, कातडीकडच्या बाजूचा, फोटो काढून ठेवा. नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, म्हणजे दोन महिन्यांत कातडी आणि डाग यांच्यात स्वच्छ नखाची पट्टी दिसायला हवी. डाग जागचा हलला नाही, किंवा काळेपणा शेजारच्या कातडीवर उतरला, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. क्वचित तो नखाखालचा कर्करोगही असतो. पूर्ण नख बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि उताराआधी घोट्याजवळची नाडी घट्ट बांधा.