रॉबर्टसन स्मिथ आणि दुसरा लेख

«बायबलची चिकित्सा केली म्हणून चर्चने पाखंडी ठरवून बाहेर काढलं, एवढीच गोष्ट आहे.»

अशा खटल्यांबद्दल सर्रास असं म्हटलं जातं, पण स्कॉटिश अभ्यासक रॉबर्टसन स्मिथच्या बाबतीत तरी असं झालं नाही. तो ॲबर्डीनला स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या कॉलेजात हिब्रूचा प्राध्यापक होता (मुंबईतलं विल्सन कॉलेज तेव्हा चालवणारं हेच चर्च). १८७५ मध्ये ब्रिटानिकाच्या नवव्या आवृत्तीत त्याचा ‘बायबल’ हा लेख आला. त्यावरच्या आक्षेपाचा मुख्य मुद्दा बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा: त्यातले कायदे मोशेचे नाहीत, कित्येक शतकांनंतरचे आहेत, असं तो म्हणत होता. मोशेच्या तोंडी ते घालणं ही त्या काळची मान्य लेखनरीत होती, फसवणूक नव्हे, असा त्याचा बचाव. विरोधकांना हाच भाग सर्वांत झोंबला, कारण येशूनेही हे पुस्तक प्रमाण मानलं होतं.

चर्चने त्याच्यावर भरलेला खटला काही वर्षं रेंगाळला. मे १८८० मध्ये चर्चच्या महासभेने अगदी थोड्या मतांच्या फरकाने, समज देऊन त्याला सोडलं. पण काहीच दिवसांत ब्रिटानिकाचा पुढचा खंड निघाला आणि त्यात हिब्रू भाषा-साहित्यावरचा त्याचाच लेख होता, निकालाआधीच लिहून दिलेला! संयम राखणारेही त्यामुळे बिथरले. १८८१ मध्ये त्याची प्राध्यापकी काढून घेतली ती पाखंडाचा आरोप सिद्ध करून नव्हे, तर ‘विश्वास उरला नाही’ म्हणून. पाळकपद मात्र शाबूत राहिलं. म्हणजे मताचा निवाडा चर्चने शेवटपर्यंत टाळलाच.