अनुभव धागा: एक्सेलमध्ये लाखाचा स्वल्पविराम आणि ₹, पण आतला आकडा जसाच्या तसा

नौपाडेकर
ठाण्यात आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. मार्चअखेरचा हिशेब कमिटीपुढे पडद्यावर लावला, तर `10,735,400` बघून अध्यक्ष काका म्हणाले, "हे एक कोटी की दहा कोटी, ते आधी सांग." म्हणून रकान्यावर Ctrl+1 दाबून Custom मध्ये हे लिहिलं:

```
[>=10000000]"₹ "##\,##\,##\,##0;[>=100000]"₹ "##\,##\,##0;"₹ "#,##0
```

कोटी आणि त्यावरच्या रकमा पहिल्या भागात जातात, लाखाच्या दुसऱ्या, बाकी सगळं तिसऱ्यात. आता `₹ 1,07,35,400` दिसतं, वर फॉर्म्युला बारमध्ये मात्र `10735400` तसाच आहे आणि बेरजाही बरोबर येतात.

अडलंय ते उणे रकमेवर. ओव्हरड्राफ्टचा आकडा घरच्या लॅपटॉपवर `-₹ 2,15,300` दिसतो आणि सोसायटीच्या ऑफिसात तीच फाइल उघडली की `-₹ 215,300`. कुणी यातून गेलंय का? अनुभव लिहा, अर्धेमुर्धे असले तरी चालतील.

तुर्भ्याचा हिशेबनीस
एवढा खटाटोप कशाला करता साहेब? कंट्रोल पॅनलमध्ये Region उघडा, Additional settings मधलं Digit grouping `12,34,56,789` करा, विषय संपला. मार्केटात आमच्या गाळ्यावर सहा वर्षं असंच चाललंय. साधं `#,##0` ठेवलं तरी लाख-कोटी नीट दिसतात, उणेसुद्धा.

ऐरोलीकर
हिशेबनीस, तुमचं खरं आहे, पण ते तुमच्या गाळ्यापुरतं. ती सेटिंग तुमच्या मशीनची आहे, फाइलबरोबर ती जात नाही. तुम्ही कागद छापून किंवा पीडीएफ करून देत असाल म्हणून कधी जाणवलं नसेल.

नौपाडेकरांचं कोडंही तिथेच सुटतं. फॉरमॅटमधला नुसता स्वल्पविराम हा एक्सेलच्या लेखी "गट पाड" एवढाच हुकूम असतो. गट कसे पाडायचे ते तो विंडोजला विचारतो. म्हणून `##,##,##0` असं कितीही हौसेने लिहिलं तरी उपयोग होत नाही. उलट `\,` हा निव्वळ अक्षर म्हणून छापला जातो, कुठलंही मशीन असो.

आता तुमची उणे रक्कम बघा. `-215300` हे एक लाखापेक्षा मोठं नाही, म्हणून ते तिसऱ्या भागात पडतं, आणि तिथे साधा स्वल्पविराम आहे. घरच्या लॅपटॉपवर Region भारताचं असणार, म्हणून तिथे योगायोगाने बरोबर दिसलं.

फॉरमॅटमध्ये अटी दोनच बसतात आणि त्या दोन्ही तुम्ही खर्च केल्यात. मी उणे रकमा Conditional Formatting मध्ये टाकतो. रकमा `D2` पासून असतील तर नियमात `=D2<=-100000` लिहायचं आणि Format मध्ये Number, मग Custom, तिथे हे:

```
"₹ "##\,##\,##0
```

एकच भाग असल्यामुळे उण्याचं चिन्ह आपोआप पुढे लागतं. कोटीसाठी `=D2<=-10000000` हा वेगळा नियम करा, त्याला एक `##\,` जास्त द्या आणि तो यादीत वर ठेवा, नाहीतर लाखाचा नियम आधी लागू होईल.

नौपाडेकर
मग हाच एकभागी फॉरमॅट सगळ्याच रकमांना देऊन टाकला तर?

ऐरोलीकर
पाचशे रुपये लिहून बघा. `₹ ,,500` असं ध्यान दिसेल. अक्षरं म्हणून लिहिलेले स्वल्पविराम आकडा असो-नसो छापले जातातच, म्हणून तर त्या अटी.

कोपरखैरण्याची सीमा
मला थकबाकीच्या नोटिसा काढायच्या असतात, वर्डमध्ये मेल मर्ज करून. एक्सेलमध्ये `₹ 1,84,500` छान दिसतं आणि नोटिशीत नुसतं `184500` येतं. नौपाडेकर दादा, तुमचा फॉरमॅट लावला तरी तेच! मी काय चुकतेय?

ऐरोलीकर
ताई, चूक नाही. मेल मर्ज आतला आकडा उचलतो, वरचा पोशाख उचलत नाही. तुमच्यासाठी शेजारी वेगळा रकाना करा:

```
=TEXT(D2,"[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;#,##0")
```

₹ नोटिशीच्या मजकुरातच लिहून ठेवा. फक्त या रकान्याची बेरीज मारू नका. तो मजकूर आहे, `SUM` शून्य दाखवेल. आकडे सेलच्या डाव्या कडेला चिकटलेले दिसले की ओळखायचं.

कळव्याची आर्टिकल
मी सीएकडे आर्टिकलशिप करतेय. वरच्या फॉरमॅटमध्ये एक खड्डा आहे, त्यात मी पडलेय. ८,३३,३३० वर १२ टक्के व्याज काढलं. उत्तर `99999.6`. पडद्यावर काय आलं? `₹ 100,000`. अख्ख्या रकान्यात तेवढाच आकडा परदेशी. सरांनी विचारलं, "हा कुठून चिकटवलास?" आणि मी तासभर फॉर्म्युले तपासत बसले.

फॉर्म्युल्यात काहीच चुकलं नव्हतं. अट आतल्या खऱ्या आकड्यावर तपासली जाते, आणि `99999.6` लाखापेक्षा कमी आहे, म्हणून तो तिसऱ्या भागात गेला. पूर्णांक करणं त्यानंतर झालं. कोटीच्या काठावर याहून वाईट होतं: `9999999.7` चं `₹ 100,00,000` होतं, आणि तिथे Region भारताचं असलं तरी वाचत नाही. मी अटी अर्ध्या रुपयाने खाली आणल्या:

```
[>=9999999.5]"₹ "##\,##\,##\,##0;[>=99999.5]"₹ "##\,##\,##0;"₹ "#,##0
```

पैसे दाखवायचे असतील तर शेवटी `.00` येईल आणि अट `99999.995` करावी लागेल.

ऐरोलीकर
हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. उण्याच्या नियमांतही `-99999.5` करायला हवं मग. आज सगळ्या फाइली बघतो.

घणसोलीचा पगारवाला
"आतला आकडा बदलत नाही" यावर विसंबून मी तोंडघशी पडलो, म्हणून लिहितो. बँकेत पगाराची सीएसव्ही चढवायची होती. ₹ लावलेल्या शीटवरूनच साध्या CSV मध्ये सेव्ह केलं. सीएसव्हीत आकडा जसा दिसतो तसा उतरतो. `"? 1,12,400"` असं काहीतरी झालं, कारण त्या जुन्या एन्कोडिंगमध्ये ₹ नाहीच. CSV UTF-8 घेतलं तर ₹ टिकतो, पण स्वल्पविराम राहतातच. बँकेने फाइल परत पाठवली आणि पगार एक दिवस लांबला. लोकांनी काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. आता सीएसव्ही काढण्याआधी रकाना General करतो.

वाशीची मीनल
आमचं सगळं गूगल शीट्सवर आहे. तिथे File, मग Settings मध्ये Locale ला India केलं की लाखाचे गट आपोआप पडतात, आणि ती सेटिंग फाइलची असते, त्यामुळे पुण्यात बसलेल्या भावालाही तेच दिसतं. ₹ टाइप करायला विंडोजवर English (India) कीबोर्ड आणि उजवं Alt + 4.

तुर्भ्याचा हिशेबनीस
मी आजही Region वालाच. पण शेठजींनी परवा फाइल दुबईला मेल केली होती, तिकडे काय दिसलं असेल या विचाराने आता झोप लागणार नाही.

नौपाडेकर
ऑफिसच्या मशीनवर आत्ताच बघितलं, `-₹ 2,15,300` आलं. कळव्याच्या ताईंच्या अटीही घातल्या. एक राहिलं: पुनर्विकासाच्या अंदाजपत्रकात शंभर कोटींच्या वरचा आकडा `₹ 123,45,67,890` असा येतो. त्याला `1,23,45,67,890` करायला तिसरी अट लागते आणि ती तर बसत नाही. त्यासाठीही Conditional Formatting च, की कुणी दुसरं काही केलंय?