मदत हवी आहे: दुकानदाराने ठरलेल्या भावावर वर 18 टक्के लावले

हॉस्टेलवाला
कुणीतरी पटकन सांगा, दुकान नऊला बंद होतं. परवापासून पेपर आहेत म्हणून कॉलेजच्या गेटसमोरच्या दुकानातून सायंटिफिक कॅलक्युलेटर घेतला. काका म्हणाले "साडेअकराशेला देतो". मी हो म्हटलं. बिल आलं 1357 चं! विचारलं तर असं झालं:
"काका, 1150 ठरलं होतं ना?"
"तो भाव जीएसटी सोडून. टॅक्स मी खातो का? सरकारला जातो."
"मग आधी सांगायचं ना."
"बिल नको असेल तर 1150 दे आणि जा. पण मग वॉरंटीचं माझ्याकडे यायचं नाही."
वॉरंटीसाठी मुकाट्याने 1357 दिले. हे चालतं का? पैसे परत मिळतील का?

शेवटचा_बाक
सोप्पं आहे. कॅश द्यायची, बिल घ्यायचं नाही. मी चार वर्षं असंच करतोय.

हॉस्टेलवाला
@शेवटचा_बाक अहो, पैसे देऊन झालेत, बिलही माझ्या हातात आहे.

मोंढा_लातूर
माझं स्वतःचं दुकान आहे म्हणून सांगतो. बिलात टॅक्स वेगळा दाखवावाच लागतो, त्यात फसवणूक काही नाही. 1150 वर 18 टक्के म्हणजे 207, बेरीज 1357. हिशोब चोख आहे. पोरांना वाटतं दुकानदार म्हणजे चोर.

कारकून_निवृत्त
हिशोब चोख असेलही, पण मुख्य आकडा कुणी विचारलाच नाही. बाळा, खोक्यावर एमआरपी किती आहे?

हॉस्टेलवाला
ते कशाला? भाव तर आमचा बोलून ठरला होता.

कारकून_निवृत्त
त्यावरच सगळं अडलंय. पाकीटबंद मालावर जी कमाल किरकोळ किंमत छापलेली असते ती सगळे कर धरून असते, तसं तिथं लिहिलेलंही असतं. त्याच्या आत दुकानदार भाव काहीही सांगो, कर फोडून दाखवो, चालतं. 1000 अधिक 180 म्हणाला आणि एमआरपी त्याहून जास्त असेल, तर तक्रारीला जागा नाही. पण टॅक्स मिळवून रक्कम छापील किमतीच्या पुढे गेली की गुन्हा.

जर्सीकाकू
आमच्याकडे न्यू जर्सीत तर फळीवरची किंमत नेहमीच टॅक्स सोडून असते, काउंटरवर 6.625 टक्के वाढतात. कपड्यांवर मात्र काही नाही. पहिल्या वर्षी मी दर वेळी सुटे मोजून रांगेत उभी राहायची आणि दर वेळी कमी पडायचे. सवय होते रे.

मोंढा_लातूर
@जर्सीकाकू ताई, इथं ग्राहक हेल्पलाइनला फोन करायची वेळ आलीये आणि तुम्ही न्यू जर्सीत.

हॉस्टेलवाला
खोकं कचऱ्याच्या डब्यातून काढलं. एमआरपी 1295, खाली "सर्व करांसहित". म्हणजे 62 रुपये जास्त घेतले??

कारकून_निवृत्त
62 तर उघडउघड जास्त. वैधमापनशास्त्र विभागाकडे तक्रार होते, नाहीतर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. खोक्याचा फोटो, बिलाचा फोटो, दोन्ही काढून ठेव.

मोंढा_लातूर
बरं, ते 62 मी मान्य करतो. एमआरपीच्या वर कुणीच जाऊ नये, मीही जात नाही. पण उरलेले त्याचे आहेत. 1295 ला विकला असता तरी त्यातले 197 रुपये 54 पैसे टॅक्सचेच असते.

हॉस्टेलवाला
197 कसे? 1295 चे 18 टक्के 233 होतात ना?

कारकून_निवृत्त
इथंच बहुतेक जण घसरतात. छापील किमतीत कर आधीच मुरलेला असतो, म्हणून 1295 ला 1.18 ने भागायचं. येतात 1097.46, आणि उरलेला तो कर. वरून 18 टक्के काढले तर करावर कर लागतो. आता एक सांग, बिलावर जीएसटी नंबर आहे का? आणि बिलाच्या माथ्यावर नेमकं काय लिहिलंय?

पाळंदे_वहिनी
मला हॉटेलचं विचारायचंय. परवा बिलात पाच टक्के जीएसटी आणि शिवाय सर्व्हिस चार्ज लावला होता. सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का?

कारकून_निवृत्त
वहिनी, वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

हॉस्टेलवाला
नंबर आहे, 27 ने सुरू होतो. माथ्यावर फक्त "बिल". खाली सीजीएसटी 9 टक्के 103.50, एसजीएसटी 9 टक्के 103.50.

शेवटचा_बाक
अरे, सप्टेंबर 2025 मध्ये दर कमी झाले ना? वह्या, पेन्सिलींवर आता टॅक्सच नाही. तुझ्याकडून जुनाच दर घेतला असेल.

मोंढा_लातूर
वह्या, पेन्सिली, खोडरबर हे खरंय. कॅलक्युलेटर 18 वरच आहे. उगाच गोंधळ नको.

कारकून_निवृत्त
27 म्हणजे महाराष्ट्र. आता services.gst.gov.in उघड, Search Taxpayer मध्ये तो पंधरा अक्षरी नंबर टाक. Taxpayer Type पुढे काय येतं ते इथं लिही. लॉगिन लागत नाही.

हॉस्टेलवाला
Composition.

कारकून_निवृत्त
अरेरे. मग गणितच बदललं. कंपोझिशन ही छोट्या व्यापाऱ्यांसाठीची वेगळी कर योजना, त्यातल्या दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही. उलाढालीच्या एक टक्का त्याने स्वतःच्या खिशातून भरायचा, आणि बिलावर वरतीच लिहायचं की मला कर वसूल करायचा हक्क नाही. 1150 च्या विक्रीवर त्याचा कर साडेअकरा रुपये. तुझ्याकडून घेतले 207.

मोंढा_लातूर
थांबा, थांबा. कंपोझिशनवाला होलसेलरला पूर्ण 18 टक्के देतो आणि त्याला त्याची वजावट मिळत नाही. तो पैसा त्याच्या खर्चात गेलेला असतो. बिल करताना त्याने ओळ चुकीची लिहिली, एवढंच.

कारकून_निवृत्त
खर्चात गेलेला असतो म्हणूनच तो भावात धरायचा असतो. 1295 एकरकमी सांगितले असते तर माझा आक्षेप नव्हता. 1150 सांगून वर "सरकारला जातो" म्हणत 207 घेतले, आणि ते सरकारला जाणारच नाहीत. ही ओळ चुकीने पडलेली नाही.

मोंढा_लातूर
सॉफ्टवेअरवाल्याने साचा तसा बसवून दिला असेल. आमच्या शेजारच्याच्या दुकानात असंच व्हायचं, त्याला वर्षभर कळलं नाही.

कारकून_निवृत्त
असेल. पण साच्याला "बिल नको असेल तर 1150" म्हणता येत नाही.

हॉस्टेलवाला
मग मागू किती? 62 की 207?

कारकून_निवृत्त
माझ्या मते 207. ठरलेला भाव 1150, आणि कर घेण्याचा त्याला अधिकार नव्हता.

मोंढा_लातूर
माझ्या मते 62. बाकीवर वाद घालशील तर पेपर बुडेल.

हॉस्टेलवाला
जाऊन आलो. मोबाइलवर Composition दाखवलं. काका दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिले, मग म्हणाले "हे आमचा अकाउंटंट बघतो". गल्ल्यातून 65 काढून दिले, तीन रुपये सुटे नव्हते म्हणून राहू दे म्हणाले. वर म्हणतात "ते बिल दे इकडे, नवीन करून देतो". मी दिलं नाही, वॉरंटी त्यावरच आहे.

कारकून_निवृत्त
चांगलं केलंस. नवीन बिल हवं असेल तर आधी ते हातात घे, मग जुनं दे. आणि जुन्याचा फोटो काढलास ना?

हॉस्टेलवाला
काढला. 142 चं काय करायचं ते पेपर संपल्यावर बघतो.

पाळंदे_वहिनी
सर्व्हिस चार्जचा धागा काढलाय, कुणी बघेल का?